एका ओळीत दोन भाऊ: तोंडी सांगितलेल्या आजारांचा तीन पिढ्यांचा तक्ता

(या प्रकरणातली नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम आणि निर्णय जसेच्या तसे आहेत.)

## पार्श्वभूमी

२०२३ च्या पावसाळ्यात रेखा आमच्या जनुकीय समुपदेशनाच्या ओपीडीत आली. वय २७, लग्नाला दोन वर्षं, पहिलं गरोदरपण, आठवा आठवडा. सोबत नवरा आणि सासूबाई होत्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: "भावाला पोलिओ होता, मयत. सल्ला द्यावा."

पोलिओ हा विषाणूचा आजार आहे, तो रक्ताच्या नात्यातून उतरत नाही. चिठ्ठीतलं खरं धरलं असतं तर "काळजीचं कारण नाही" म्हणून पाच मिनिटांत तिला घरी पाठवता आलं असतं. पण आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कुटुंबाचा तीन पिढ्यांचा तक्ता भरायचाच, असा नियम आहे. आजी-आजोबा, आई-वडील आणि त्यांची भावंडं, मग स्वतः ती व्यक्ती आणि तिची सख्खी-चुलत-मामे-मावस-आते भावंडं. दोन्ही बाजूंची. जिवंत असलेली, गेलेली, पाळण्यात गेलेली, पोटात गेलेली, सगळी. वंशावळीची चौकोन-वर्तुळांची आकृती या तक्त्यावरूनच काढतात.

मी विचारत गेले, रेखा सांगत गेली. माझ्या वहीत तिचे शब्द असे उतरले:

"भाऊ पोलिओनं गेला. चालायचा की आधी चांगला. मग पडायला लागला, जिन्यावर बसायचा. सतरा वर्षांचा होता. मामा पण लहानपणीच गेला, त्यालाही पायाचंच काहीतरी होतं म्हणतात. भावाला तर उचलूनच न्यावं लागतं शाळेत. बाकी कुणाला काही नाही."

सासरच्या बाजूला नवऱ्याच्या काकांची साखर आणि आजोबांचा लकवा सोडला तर काही नव्हतं. रेखाच्या वडिलांच्या बाजूलाही विशेष काही नव्हतं. नात्यात लग्न नव्हतं. चाळीस मिनिटांत भेट आटोपली.

## अडचण

संध्याकाळी वहीतलं तक्त्यात उतरवायला बसले. भावाची ओळ. जन्म १९९९. पुढचा रकाना: जिवंत की मृत? मृत, २०१६. त्याच्या पुढे सध्याची स्थिती. तिथे वहीत लिहिलं होतं, "उचलून न्यावं लागतं शाळेत."

२०१६ मध्ये गेलेला मुलगा २०२३ मध्ये शाळेत कसा जाईल?

मला वाटलं, माझ्याच लिहिण्यात चूक झाली असेल. पण "न्यावं लागतं" हे मी ऐकून, तिचेच शब्द म्हणून अवतरण चिन्हात लिहिलं होतं. म्हणजे भाऊ दोन होते. एक गेलेला, एक असलेला. आणि रेखानं दोघांनाही नुसतंच "भाऊ" म्हटलं होतं, जसं आपण सगळेच म्हणतो. आपल्या भाषेत मावसभाऊ, चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ असे नेमके शब्द आहेत, नात्याची बाजू त्या एका शब्दातच कळते. पण प्रेमाच्या बोलण्यात आधीचा शब्द गळून पडतो आणि सगळे भाऊ होतात. तक्ता भरणाऱ्याला हवी असते ती माहिती नेमकी त्या गळालेल्या शब्दात असते.

दुसरी अडचण "पोलिओ" या शब्दाची. एका पिढीत पाय गेलेल्या कुठल्याही मुलाला गावात पोलिओच म्हणत. पण पोलिओत ताप येतो, मग दोन-चार दिवसांत पाय लुळा पडतो, बहुतेक वेळा एकाच बाजूचा जास्त. तो पाय बारीक राहतो आणि त्यानंतर दुखणं वर्षानुवर्षं वाढत जात नाही. "चालायचा आधी चांगला, मग पडायला लागला" ही चाल वेगळी आहे. हळूहळू, दोन्ही पायांत, वाढत जाणारी. आणि मुलगाच. स्नायू हळूहळू निकामी करणारी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी) माझ्या डोक्यात पहिल्या वाक्यालाच आली होती, हे खरं. पण डोक्यात आलं म्हणून तक्त्यात लिहिता येत नाही.

तिसरी अडचण घड्याळाची. डीएमडीचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक बाईला बहुधा पायांचा काही त्रास नसतो, पण तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता अर्धी असते. रेखा वाहक निघाली, आणि तिला गर्भाची तपासणी करायची असली, तर वारेचा नमुना घेण्याची योग्य वेळ साधारण अकरा ते तेरा आठवड्यांची. हातात तीन आठवडे होते, आणि त्यात रक्ततपासणीचा अहवाल यायलाच दोन आठवडे जाणार.

## समोरचे पर्याय

पहिला पर्याय, रेखाचंच रक्त लगेच पाठवायचं. सगळ्यात जलद. पण डीएमडीच्या जनुकात दोष नाना प्रकारचे असतात. दहांतल्या साधारण सहा-सात मुलांत जनुकाचा एखादा तुकडाच गळालेला असतो, थोड्यांत तुकडा दुप्पट झालेला असतो आणि उरलेल्यांत एखाद्या अक्षराची चूक असते. एमएलपीए ही तपासणी गळालेला आणि दुप्पट झालेला तुकडा पकडते, अक्षराची चूक बहुधा पकडत नाही. घरातला दोष कोणता हे माहीत नसताना रेखाचा अहवाल "दोष नाही" आला, तर त्याचा अर्थ "ती वाहक नाही" असा होत नाही. "आम्ही जिथे पाहिलं तिथे सापडला नाही" एवढाच होतो. असा कागद घेऊन नऊ महिने काढणं कठीण.

दुसरा पर्याय, आधी आजारी मुलाची तपासणी, मग रेखाची. शास्त्राला धरून हेच योग्य. घरातला दोष एकदा कळला, की रेखाच्या "नाही"ला वजन येतं. पण दोन तपासण्या एकापाठोपाठ म्हणजे चार आठवडे.

तिसरा, दोघांचं रक्त एकाच दिवशी. खर्च कदाचित वाया जाईल, पण वेळ वाचेल.

पण तिन्ही पर्यायांच्या आधी एक प्रश्न होता: तो शाळेत उचलून न्यावा लागणारा मुलगा नेमका कोण? तो रेखाच्या वडिलांच्या बाजूचा निघाला, तर एक्स गुणसूत्राचा सगळा विचारच कोसळतो.

## काय केलं

दुसऱ्या दिवशी मी रेखाला फोन केला. ती फक्त "हो", "नाही", "सांगते नंतर" एवढंच बोलत होती. मागे भांड्यांचा आवाज होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी तिला सासूबाईंच्या समोरच सगळं विचारलं होतं. लग्न जमवताना शाळेत उचलून न्याव्या लागणाऱ्या मुलाचं दुखणं सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी ओपीडीत ते वाक्य तिच्या तोंडून निसटलं होतं, आणि मीही नीट विचारलं नाही म्हणून ती सुटली होती.

चार दिवसांनी ती माहेरी गेली आणि तिथून तिनेच फोन केला. आई शेजारी होती, आजीही. पाऊण तास बोललो, आणि अर्धा तक्ता त्याच फोनवर झाला.

मी या वेळी आजाराचं नावच विचारलं नाही. गेलेल्या भावात काय दिसायचं ते विचारलं. कितव्या वर्षी चालायला लागला? बरोबरीच्या पोरांसोबत पळायचा का? जमिनीवरून उठताना काय करायचा? रेखाची आई म्हणाली, "गुडघ्यावर हात टेकून टेकून उठायचा. स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा." मग स्वतःहूनच पुढे म्हणाली, "पोटऱ्या कशा होत्या माहितीये? पैलवानासारख्या. आम्ही म्हणायचो, एवढे पाय भरलेत आणि हा पडतो कसा." ताप येऊन पाय गेला होता का? "नाही. तापबीप नाही. हळूहळूच." अकराव्या वर्षी चालणं बंद झालं. शेवटी दम लागायचा.

डीएमडीत पोटरीच्या स्नायूंची जागा चरबी आणि तंतू घेतात, म्हणून पोटऱ्या भरलेल्या दिसतात आणि ताकद मात्र नसते. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं जे पाहिलं तेच सांगितलं, आणि म्हणूनच त्या सांगण्याची किंमत मोठी.

पेटीत जपून ठेवलेला अपंगत्वाचा दाखला तिनं फोटो काढून पाठवला. त्यावर शिक्क्यानिशी लिहिलं होतं: पोलिओनंतरचा अशक्तपणा. कुठलीही तपासणी जोडलेली नव्हती. म्हणजे घरच्यांनी सांगितलं "पोलिओ", कारकुनानं लिहिलं "पोलिओ", आणि मग कागदावर आहे म्हणून घरच्यांनाही तो पोलिओच वाटत राहिला. त्या दिवसापासून मी पुराव्याच्या रकान्यात "कागद पाहिला" एवढंच लिहित नाही. कागद कशाच्या आधारावर लिहिला गेला तेही लिहिते.

मामाचं कोडं आजीनं सोडवलं. "पायाचं? कोण म्हणतं? माकडासारखा झाडावर चढायचा माझा लेक. नऊ वर्षांचा होता, विहिरीत बुडाला." नवव्या वर्षी झाडावर चढणाऱ्या मुलाला डीएमडी नसते. रेखाच्या लहानपणी घरात "मामा लहानपणीच गेला" आणि "भावाचे पाय" ही दोन दुःखं एकत्र बोलली जात आणि तिच्या मनात ती एक झाली. मामाला आजारी धरलं असतं तर आकृती अगदी सुबक झाली असती. तो मोह खरा होता, आणि तो मोडायला आजीचं एक वाक्य पुरलं.

आता दुसरा भाऊ. तो मावशीचा मुलगा. वय दहा, जन्म २०१३. भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यामुळे त्या शब्दाला इथे जागाच उरत नव्हती. पण मी आणखी एक प्रश्न विचारला, जो आमच्या भागात विचारायलाच हवा: "काकू, तुमची आणि मावशींची आई एकच ना?" आजोबांची दोन लग्नं झालेली असतील आणि मावशी सवतीची मुलगी असेल, तर आजीकडून दोघींना एकच एक्स गुणसूत्र मिळण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय "मावशी" आपण शेजारणीलाही म्हणतो. पलीकडून आजीच म्हणाली, "दोघी माझ्याच पोटच्या. मध्ये दोन पाळण्यात गेली." मुलगे की मुली? एक मुलगा, एक मुलगी, दोघं महिन्याच्या आत. तीही तक्त्यात आली.

आईच्या बाजूचा तक्ता असा झाला. पहिला आकडा पिढीचा, दुसरा त्या पिढीतल्या व्यक्तीचा.

| क्र. | रेखाशी नातं | स्थिती | घरचे शब्द | कुणी सांगितलं, पुरावा | आमचा अर्थ |
|---|---|---|---|---|---|
| १.१ | आजोबा | मृत, ६१ | "छातीत कळ आली" | आजी | हृदयविकार असावा, संबंध नाही |
| १.२ | आजी | जिवंत, ७० | "गुडघे दुखतात" | स्वतः | वाहक असण्याची दाट शक्यता |
| २.१ | आई | जिवंत, ४७ | "काही नाही" | स्वतः | वाहक (मुलगा आणि बहिणीचा मुलगा, दोघं आजारी) |
| २.२ | मामा | मृत, ९ | रेखा: "पायाचं", आजी: "विहिरीत बुडाला" | आजी, प्रत्यक्ष पाहिलेली | आजारी नाही |
| २.३, २.४ | मामा, मावशी | मृत, महिन्याच्या आत | "पाळण्यात गेली" | आजी | कारण अज्ञात |
| २.५ | मावशी | जिवंत, ३८ | "काही नाही" | आई | वाहक (२.१ प्रमाणेच) |
| ३.१ | रेखा | जिवंत, २७, गरोदर | – | स्वतः | वाहक असण्याची शक्यता अर्धी |
| ३.२ | सख्खा भाऊ | मृत, १७ | "पोलिओ". "स्वतःवर चढून उठायचा" | आई. दाखला तपासणीविना | डीएमडीशी जुळतं, सिद्ध नाही |
| ३.३ | मावसबहीण | जिवंत, १४ | "काही नाही" | आई | वाहक असण्याची शक्यता अर्धी |
| ३.४ | मावसभाऊ | जिवंत, १० | "उचलून न्यावं लागतं" | आई. तपासणी बाकी | डीएमडीची शंका |

या तक्त्यात घरचे शब्द आणि आमचा अर्थ हे दोन रकाने वेगळे ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या रकान्यात मी काही सुधारत नाही. "पोलिओ" म्हटलं असेल तर "पोलिओ"च लिहिते. दुसरा रकाना पेन्सिलीनं. नवी माहिती आली की अर्थ बदलतो, शब्द नाही. मामाच्या ओळीत दोन माणसांचे दोन वेगळे शब्द आहेत. ते दोन्ही ठेवले, म्हणूनच पुढच्या वाचणाऱ्याला अर्थ कसा ठरला ते कळतं.

तक्त्यावरून एक शंका तपासून पाहिली. स्नायूंचे काही आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष आल्यावर होतात. ते इथे असू शकतात का? मग एकमेकांशी नातं नसलेले दोन जावई, रेखाचे वडील आणि मावशीचे यजमान, दोघंही योगायोगानं त्याच दोषाचे वाहक असायला हवेत. आजारी फक्त मुलगे, आणि त्यांना जोडणाऱ्या फक्त बायका, याचा सरळ अर्थ एक्स गुणसूत्राकडेच जातो.

आकड्यांत काय फरक पडला, तेही सांगते. एकच मुलगा आजारी असता, तर दोष त्याच्यातच नव्यानं झाला असण्याचीही शक्यता राहते; म्हणून आई वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आणि रेखाची तीनात एक धरतात. मावसभावाची ओळ आल्यावर आई जवळजवळ नक्की वाहक ठरली आणि रेखाची शक्यता दोनात एक झाली. आकडा फार उडाला नाही. खरा लाभ वेगळा होता: ज्याच्या रक्तात घरातला दोष शोधता येईल असा एक मुलगा जिवंत आहे, हे कळलं.

मावशींना बोलावणं रेखाच्या आईनं केलं, मी नाही. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "आमच्या पोराचं नाव तिच्या सासरच्या कागदात कशाला?" प्रश्न रास्त होता. मुलाची वेगळी फाइल केली, त्याचा अहवाल त्याच्या आईवडिलांच्याच हातात जाईल असं ठरलं, आणि घरातला दोष रेखाच्या अहवालासाठी वापरायला त्यांची लेखी संमती घेतली. मुलगा आला तेव्हा भिंतीला धरून चालत होता. जमिनीवर बसवून उठायला सांगितलं, तर तो हात गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत उठला. रेखाची आई बघत होती. तिनं तोंड फिरवलं.

स्नायू झिजले की रक्तात वाढणारं सीपीके त्याच्यात अकरा हजारांच्या वर आलं. निरोगी मुलात ते दोन-तीनशेच्या आत असतं. रेखाचा नववा आठवडा संपत आला होता. मावसभाऊ, आई आणि रेखा, तिघांचं रक्त एमएलपीएसाठी एकाच दिवशी पाठवलं.

अहवालाची वाट पाहत असताना सासूबाई एकदा आल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं, रेखानं स्वतःच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "मुलगी असेल तर धोका नाही ना? मग मुलगी आहे का तेवढं बघा." मी त्यांना सांगितलं, की १९९४ च्या कायद्यानं अशा लिंगाशी जोडलेल्या आजारासाठी गर्भाची तपासणी करता येते, पण गर्भ मुलगा की मुलगी हे कुणालाही, कुठल्याही वाटेनं सांगता येत नाही. आजार आहे की नाही, एवढंच सांगता येतं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "बरं. मग तेवढंच सांगा."

## निष्पत्ती

अहवाल आले तेव्हा अकरावा आठवडा नुकताच पूर्ण झाला होता. मावसभावाच्या जनुकात एक्झॉन ४८ ते ५० हा तुकडा गळालेला होता. रेखाच्या आईत तोच तुकडा एका प्रतीत गळालेला, म्हणजे ती वाहक. रेखात तुकड्याच्या दोन्ही प्रती जागेवर होत्या. ती वाहक नव्हती.

हा "नाही" पक्का होता, कारण काय शोधायचं ते आम्हाला माहीत होतं. वारेच्या नमुन्याची गरज उरली नाही. या आजारापुरती तिची धास्ती संपली. बाळ पुढे वेळेवर झालं.

मावसभावाला स्टेरॉइड सुरू झालं, व्यायामाची आखणी झाली, हृदयाची तपासणी वर्षातून एकदा ठरली. आजार यानं बरा होत नाही, पण चालण्याची काही वर्षं वाढतात. दहाव्या वर्षापर्यंत ते सुरू झालं नव्हतं, कारण त्याच्या शाळेच्या कागदावरही "पोलिओसदृश" असंच लिहिलं होतं. रेखाच्या आईला आणि मावशीला हृदयतज्ज्ञांकडे पाठवलं. वाहक बायकांचे पाय शाबूत असले तरी हृदयाचा स्नायू पुढे अशक्त होऊ शकतो.

## पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीतच दहा मिनिटं रेखाशी एकटीशी बोलेन. "तपासायचं आहे" म्हणून आत घ्यायचं आणि विचारायचं. मी ते केलं नाही आणि पाच दिवस गेले. ती बाराव्या आठवड्यात आली असती, तर तेच पाच दिवस महागात पडले असते.

तक्ता समोर ठेवूनच विचारेन, वहीत उतरवून संध्याकाळी भरणार नाही. जिवंत-मृत हा रकाना मी तिच्यासमोर भरला असता, तर दोन भावांचा घोळ तिथेच उघडा पडला असता. आता "भाऊ" हा शब्द आला की मी लगेच विचारते, "एकाच आईबापाचे?"

आणि सगळ्यात वयस्क बाईला पहिल्याच आठवड्यात फोन करेन. रेखाला जे "म्हणतात" म्हणून माहीत होतं, ते आजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका गोष्टीवर आमच्यातच मतभेद झाले. मावशी म्हणाल्या, मुलीचंही रक्त आत्ताच घ्या, म्हणजे लग्नाचं बघायला बरं. एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, पुन्हा त्या येतील न येतील, घेऊन टाकू. मी नाही म्हटलं. मुलगी चौदा वर्षांची आहे, वाहक असल्याचं आज कळून तिच्यावर करायचा कुठलाही उपचार नाही, आणि ते कळलं तर गावात ती माहिती तिची राहणार नाही. ३.३ ची ओळ म्हणून तशीच आहे: शक्यता अर्धी, तपासणी नाही. समोर शेरा लिहिला आहे, "२०२७ मध्ये अठरा पूर्ण. तिला स्वतःला विचारावं." मावशींनी तो शेरा वाचला आणि मुलीच्या फाइलवर स्वतःचा नाही, मुलीचा फोन नंबर लिहून घ्यायला लावला.